सरांच्या आशीर्वादाने

औरंगाबादेत गाईड दोन प्रकारचे. एक आमच्यासारखे, जे वेरूळ-अजिंठ्याला पाहुण्यांच्या पुढं चालतात. दुसरे विद्यापीठातले, ज्यांच्या मागं विद्यार्थी चालतात. आमचा गाईड संध्याकाळी पाहुण्याला हॉटेलवर सोडून देतो. विद्यापीठातला सोडतोच असं नाही.

गयासभाई आमच्यातले. मी इंग्रजीवाला, ते फ्रेंचवाले. पंचवीस वर्षं आम्ही एकाच हॉटेलच्या व्हरांड्यात गिऱ्हाइकाची वाट बघत बसलो. त्यांच्या अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, आणि चहा बशीतूनच प्यायचा. तरुणपणी वेरूळला एक फ्रेंच चित्रकार लेण्यांची रेखाटनं करायला दोन हिवाळे येऊन राहिला होता. गयासभाई त्याचा कंदील धरायचे. कंदील धरता धरता भाषा शिकले, मग परीक्षा देऊन सरकारी बिल्ला मिळवला. पॅरिसमधला कुठला पूल कुठल्या पुलाच्या पुढं, हे त्यांना पाठ. पण माणूस मुंबईच्या पलीकडं कधी गेला नाही. पासपोर्ट काढून ठेवला होता, तो कोराच संपला. पुन्हा काढला, तोही कोरा.

हे सगळं मला माहीत होतं म्हणून उषाला मीच त्यांच्याकडं नेलं. त्याबद्दल मला अजून बरं वाटत नाही, पण नेलं.

उषा पुंजाराम नरवडे. पाचोडची. तिचे वडील माझ्या सासुरवाडीच्या ओळखीतले. पैठणला उत्खननात सापडलेल्या मातीच्या जुन्या मूर्तींवर ती चार वर्षं पीएचडी करत होती, म्हणजे खरं तर तात्यासाहेब सर म्हणतील ते करत होती. तात्यासाहेब तिचे गाईड. त्यांच्या वर्गाचे पेपर हिनं तपासायचे, त्यांच्या पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते हिनं लिहायचे, त्यांचं ईमेल हिनं उघडायचं आणि कागदावर छापून टेबलावर ठेवायचं. सरांना कॉम्प्युटरचा राग होता. तिच्या प्रबंधाची तीन प्रकरणं त्याच टेबलाच्या खणात दीड वर्ष पडून होती. विचारलं की सर म्हणायचे, "घाई कशाला? सासरी जायचंय का?" सोडून दुसऱ्या गाईडकडं जावं तर ह्यांचंच ना हरकत पत्र लागतं. सहामाही अहवालावर ह्यांची सही नसेल तर शिष्यवृत्ती बंद. पोरगी अशी अडकली होती की बघणाऱ्याचा जीव गुदमरावा.

पॅरिसच्या एका प्राध्यापक बाई ह्याच मूर्तींवर काम करत होत्या. लव्हेर्न त्यांचं आडनाव. त्यांचे लेख उषानं मुंबईहून झेरॉक्स आणून वाचले होते. आपल्याला तुमच्या हाताखाली संशोधन करता येईल का, असं विचारणारं पत्र तिनं इंग्रजीत लिहिलं होतं. तिथली प्रवेश समिती कागद फ्रेंचमध्ये बघते, असं कुणीतरी सांगितल्यामुळं आता त्याचं फ्रेंच करून हवं होतं.

गयासभाईंनी चष्मा लावून पत्र वाचलं. पहिलं अख्खं पान बाईंच्या थोरवीचं. मी पामर, आपण ज्ञानसूर्य, अशा थाटाचं.

"बेटा, हे काढू," गयासभाई म्हणाले. "तिकडं पहिल्याच ओळीत कामाचं बोलतात. मी कोण, काय शोधायलोय, तुमच्याकडंच का, खर्चाची सोय काय. सगळा मस्का ते लोक शेवटच्या एका ओळीत लावतात. आणि तो लावल्याबगैर पत्र संपत नाय."

उषा हसली. तिला मी तेव्हाच हसताना पाहिलं. मग त्यांचं बोट शेवटच्या परिच्छेदावर थांबलं. तिथं लिहिलं होतं, माझे आदरणीय मार्गदर्शक डॉ. तात्यासाहेब यांच्या संमतीने आणि आशीर्वादाने मी हे पत्र लिहीत आहे.

"सरांनी परवानगी दिली?"

"नाय हो काका. त्यांना कळलं तर जित्तं सोडतेत का?"

"मंग हे कशाला?"

"असं लिहावंच लागतं. आपल्याकडं गाईडचं नाव घेतल्याबिगर कागद हलतो का? नाय लिहिलं तर बाईंना वाटंल, पोरगी उद्धट हाय."

गयासभाईंनी तिला समजावलं. तिकडं ही ओळ शोभेची धरणार नाहीत, खरी धरतील. उषा म्हणाली, खरी धरली तर बरंच, वजन पडेल. मीही तिचीच बाजू घेतली. आमच्याकडं लग्नपत्रिकेत मेलेल्या आजोबांचेसुद्धा आशीर्वाद छापतात, तिथं जिवंत सरांचे छापले तर बिघडलं कुठं, असं मी म्हणालो आणि वर हसलोही.

गयासभाई हसले नाहीत. ते म्हणाले, "पत्र तुमचं हाय. मी नुस्ता तर्जुमा करणार. तुमचं म्हणणं म्हंजे माझ्याकडं अमानत हाय."

औरंगपुऱ्यातल्या नेट कॅफेत बसून त्यांनी ते स्वतः टाइप केलं. फ्रेंच अक्षरांवरच्या रेघा तिथल्या कीबोर्डवर नव्हत्या. हे ऑल्ट दाबून आकडे मारायचे, एकशेतीस, एकशे अडतीस, असे तोंडपाठ, आणि अक्षर उमटलं की मान डोलवायचे. पत्र गेलं. उषा त्या दिवसापासून त्यांच्याकडं फ्रेंच शिकायला यायला लागली, सरांच्या घरची कामं उरकली की.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बाईंना विषय आवडला होता. प्रश्न जरा नेमका करा, कामाचं वेळापत्रक पाठवा, म्हणाल्या. आणि पुढं लिहिलं होतं, तुमच्या सरांची संमती आहे हे वाचून आनंद झाला. तेव्हा आपण संयुक्त मार्गदर्शन करू. दोन विद्यापीठांचा करार, दोन मार्गदर्शक, एक प्रबंध. मी सरांनाही स्वतंत्र पत्र लिहीत आहे.

ते स्वतंत्र पत्र सरांच्या ईमेलवर येऊन पडलं होतं, आणि ते ईमेल उघडणारी उषाच. छापलेला कागद पर्समध्ये घालून ती व्हरांड्यात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"काका, सरांच्या नावानं तुम्हीच उत्तर लिहा. संमती हाय म्हणून. त्यांना कळायचं नाय. ते ईमेल बघतच नाहीत."

मला वाटलं, लिहावं. खरं सांगतो, मी असतो तर लिहिलं असतं. ज्या माणसानं पोरीची चार वर्षं खाल्ली त्याच्या नावानं चार ओळी खाल्ल्या तर काय पाप? पण गयासभाईंनी मान हलवली. "आज लिहू. उद्या करारावर सही लागंल, कुलगुरूंचा शिक्का लागंल. तवा कुठून आणणार? पकडली गेलीस तर नाव दोन्हीकडून कटंल. हा कागद सरांच्या टेबलावर ठेव. मी येतो सोबत."

आम्ही तिघंही गेलो. तात्यासाहेबांच्या खोलीत पंखा फुल, पडदे ओढलेले. गयासभाईंनी उभ्यानंच पत्र मराठीत वाचून दाखवलं. बाईंनी तात्यासाहेबांचा एक जुना लेख वाचला होता, त्याचं दोन ओळींत कौतुक होतं. ती दोन वाक्यं सरांनी तीनदा वाचायला लावली.

मग ते उषाकडं वळले. मला वाटलं, आता वीज पडणार. तर चेहऱ्यावर साखर!

"अगं, मला आधी सांगायचं ना! मी काय वाघ आहे? संमती आहे म्हणजे काय, आहेच. संयुक्त करू. दोघांचं नाव राहील. पत्रव्यवहार मात्र ह्यापुढं माझ्यामार्फत."

उषा त्यांच्या पाया पडली. बाहेर आल्यावर तिनं गयासभाईंच्याही पाया पडायला हात खाली नेला, त्यांनी वरच्या वर धरला. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी भजी खाल्ली. किती मूर्ख होतो आम्ही.

करार करायचा तर नियम हवा. आमच्या विद्यापीठात तेव्हा तसा नियम नव्हता. सरांनी नियम करण्यासाठी समिती नेमायला लावली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. समिती काही बसेना. फाईल त्यांच्याच खणात, तीन प्रकरणांच्या वर. इकडं पॅरिसला मात्र सरांची पत्रं सुरू झाली. उषानं इंग्रजीत टाइप करायची, गयासभाईंनी फ्रेंच करायची. सरांचे विचार, सरांचे लेख, सरांची तिकडं येऊन दोन व्याख्यानं देण्याची तयारी. गयासभाई तर्जुमा करायचे आणि नंतर तोंड कडू झाल्यासारखा चहा मागवायचे. नाही म्हणावं तर उषाचा रस्ता बंद, आणि हो म्हणावं तर तिच्या रस्त्यावरून सर चाललेले. गयासभाईही त्याच पिंजऱ्यात जाऊन बसले होते.

दीड वर्षानं बाईंनी सरांना चर्चासत्राला बोलावलं. पंधरा दिवस, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. सरांचा व्हिसाचा अर्ज उषानंच भरला.

त्याच सुमारास तिनं धीर करून बाईंना एक छोटं पत्र लिहिलं, स्वतःच्या नावानं. करार होणार नसेल तर मी इथली नोंदणी रद्द करून एकटी येऊ का? उत्तर गयासभाईंच्या पत्त्यावर मागवलं. ते आलं त्या दिवशी मी व्हरांड्यातच होतो.

गयासभाईंनी पाकीट फोडलं, आधी मनात वाचलं. मग मराठीत वाचायला लागले. बाईंना वाईट वाटतं. आता तुमच्या सरांशी माझं बोलणं झालं आहे, त्यांना डावलून मी तुम्हाला घेऊ शकत नाही. सहकाऱ्यांत तसं करत नाहीत. करार होईल अशी आशा ठेवू या. मग शेवटची मस्क्याची ओळ. कागद त्यांनी घडी केला.

उषा त्यांच्या शेजारी बसली होती, मान वाकडी करून. ती हळूच म्हणाली, "काका, मधली एक ओळ राहिली."

तिनं त्यांच्या हातातून कागद घेतला, घडी उलगडली. ती ओळ तिनंच वाचली, अडखळत, गयासभाईंनीच शिकवलेल्या उच्चारांत. मग मराठीत सांगितली, बहुधा माझ्यासाठी. "तुम्ही पहिल्या पत्रात सरांच्या संमतीचं लिहिलं नसतं, तर मी त्यांना विचारलंही नसतं. आमच्याकडं त्याची गरज नसते. मी तुम्हाला तशीच घेणार होते."

व्हरांड्यात एक पर्यटक आपली बॅग शोधत होता. गयासभाईंनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून बसले. मला तिच्याकडं बघवेना.

उषानं कागद पर्समध्ये ठेवला, उठली, ओढणी सारखी केली. "जाते काका," ती म्हणाली. "सरांना सहा वाजता स्वेटर घ्यायला न्यायचंय. तिकडं लई थंडी असते म्हणं."