सिंधुताईचं पाळणाघर

सिंधुताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या कडेवर एक, पाठीशी एक आणि पदराला लोंबकळणारी दोन अशी चार पोरं होती, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. भिलाईला कारखाना उभा राहत होता. पहिली भट्टी पेटायला अजून अवकाश होता. आमच्या ठेकेदाराकडे आम्ही बायका रेजा म्हणून माती आणि गिट्टी वाहायचो. अंगावरची पोरं दिवसभर पत्र्याच्या पाळणाघरात राहायची आणि तिथली आया म्हणजे सिंधुताई. तुमसरकडची बालविधवा, उंच, हाडकुळी, आवाज मात्र भरडा. गोड बोलणं तिला जमायचं नाही. पोरं तरी तिलाच चिकटायची, आणि माझी जया तर मला सोडून तिच्याकडे झेपावायची. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

आम्हाला सकाळी एक आणि दुपारी एक अशी दूध पाजायची सुट्टी मिळे. मुकादम रुळाच्या तुकड्यावर ठोका मारी, की आम्ही पाळणाघराकडे पळायचो. दुसऱ्या ठोक्याला कामावर नसलो तर अर्धी हजेरी, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी, गेली. सुरुवातीला काही अडलं नाही, कारण पाळणाघर पायाच्या खड्ड्याच्या काठाशीच होतं. पण पाया भरला तसं काम पुढे सरकत गेलं आणि पाळणाघर होतं तिथेच राहिलं. उन्हाळ्यापर्यंत अंतर इतकं वाढलं की पोराला छातीशी घेते न घेते तोच परत फिरावं लागे.

मग आम्ही पोरं कामावरच आणू लागलो. रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरच्या चळतीला झोळी बांधायची आणि वर फाटकं लुगडं टाकायचं. एका दुपारी उलटा मागे येणारा डंपर जयाच्या झोळीपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि मलाच शिव्या देऊ लागला. मी घमेलं टाकून जयाला उचललं, तर ती हसत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सिंधुताई दोनदा नरहरीबाबूंकडे गेली. हे नागपूरकडचे कारकून. पाळणाघर, पाणी, हजेरी सगळं त्यांच्याकडे. पहिल्यांदा म्हणाले, "वर सांगतो." दुसऱ्यांदा म्हणाले, "बाई, वरून काही आलं नाही." आणि मग एक दिवस निरोप आला की पोरं फारशी येत नाहीत, म्हणून महिनाअखेर पाळणाघर बंद.

आम्ही पेटलोच. संध्याकाळी सगळ्या जणी नळावर जमलो.

आमच्यातली शकुबाई म्हणाली, "बाबू पाळनाघरातलं पोराइचं दूध घरी नेते. म्हनून त्याले पोरं नको झाली."

"चला समद्या," मी म्हणाले. "मोठ्या सायबासमोर त्याचे वाभाडेच काढू!"

सिंधुताई बादली भरत होती. तिने शकुबाईला विचारलं, "तू पाह्यलं का दूध नेतानी?"

"पाह्यलं नाई, पन लोक म्हनतेत."

"मंग थे लोकाइले सांगू दे. मी पोराइचं सांगनार. पाच-पन्नास बाया गेल्या तं साहेब म्हनंल भांडन आलं, अन् आपली गोष्ट रायते बाजूले."

मला ते मुळीच पटलं नाही. ज्याने दोनदा हात झटकले त्याला सोडायचं कशाला? त्यात तिची नोकरी जायची वेळ, आणि ही त्याचीच बाजू घेते! आणखी कहर म्हणजे दुसऱ्या दिवशी ती मोठ्या साहेबांकडे जायच्या आधी नरहरीबाबूंकडेच गेली. मला सोबत नेलं, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर.

"बाबू, मी शामसुंदर सायबाकडे जाऊन राहिली," ती म्हणाली. "तुमाले दोनदा सांगून झालं, आता महिना संपून राहिला. तिथं काय सांगनार थे आधी तुमाले सांगतो." आणि तिने सगळं सांगितलं, जसंच्या तसं.

बाबूंचा चेहरा उतरला. "मला डावलून वर जाता, बाई?"

"तुमच्या हातात असतं तं तुमी केलं असतं. ज्याच्या हातात हाय त्याले सांगतो. तुमी बी चला."

ते आले नाहीत. टेबलावरचे कागद सरळ करत बसले. मला वाटलं, आता हा आधीच जाऊन कान भरणार. ही आपणहून हात दाखवून अवलक्षण करून घेते आहे.

शामसुंदर साहेब म्हणजे ठेकेदाराचे इथले सर्वात मोठे मॅनेजर. त्यांच्या ऑफिसबाहेर आम्ही बराच वेळ उभ्या होतो. आत घेतलं तेव्हा ते घाईतच होते. सिंधुताई म्हणाली, "सायेब, पाळनाघरात पोरं कमी येतेत हे खरं हाय. पन पोरं घरी नाईत, नव्या खड्ड्यापाशी झोळीत हायेत. काम दूर गेलं. दूध पाजून परत येईस्तोवर दुसरा ठोका होते अन् अर्धी हजेरी जाते. मंगळवारी डंपर हिच्या पोरीच्या झोळीपाशी येऊन थांबला. बाबूले दोनदा सांगतलं. शेड उचलून कामापाशी नेली तं पोरं येतीन. येवढंच मागनं हाय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नरहरीने मला अर्धवट कळवलं. झोपला होता का तो?"

झालं! मी मनात म्हटलं, आता बोल, बाई, बोल. माझी जीभ नुसती वळवळत होती.

"त्याहिनं पोरं कमी म्हनलं, थे बरोबरच हाय," सिंधुताई म्हणाली. "त्याहिले काय अडलं थे मले ठावं नाई. त्याहिलेच इचारा."

साहेबांनी बाबूंना बोलावलं. ते आले तेव्हा कपाळावर घाम होता. आमच्याकडे पाहत ते चाचरत म्हणाले, "या बोलल्या ते खरं आहे, साहेब. शेड हलवायला मी ट्रक मागितला होता, दोनदा. काम सोडून ट्रक मिळणार नाही असं इंजिनियर साहेब म्हणाले. तिथेच अडलं."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

बाबूंनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. त्या क्षणी मला त्या माणसाची कीव आली. आम्ही मुकादमाला भीत होतो तसा तोही कुणाला तरी भीत होता. सिंधुताईने जर दुधाची गोष्ट काढली असती, तर हा माणूस स्वतःला वाचवायच्याच मागे लागला असता. ट्रकचं नावही निघालं नसतं.

साहेब उठले. "चला, बघू." दुपारच्या ठोक्याला आम्ही पाळणाघरापासून कामापर्यंत चालत निघालो. उन्हात साहेबांचा शर्ट पाठीवर घामाने पार भिजला. अर्ध्या वाटेतच दुसरा ठोका पडला. साहेब थांबले आणि पुढे कामावरच्या स्लीपरच्या चळतीकडे बघत राहिले. तिथे झोळ्या लोंबत होत्या.

ट्रक रविवारी आला. शेडचे पत्रे, खांब, पाळणे सगळं नव्या खड्ड्यापाशी नेऊन उभं केलं. नरहरीबाबू स्वतः उन्हात उभे राहून पाळणे मोजून उतरवून घेत होते. सिंधुताईला म्हणाले, "बाई, यापुढे काही अडलं तर आपण दोघं मिळून वर जाऊ." ती म्हणाली, "बरं, आता थो पाळना सावलीत ठेवा."

सोमवारी सकाळी ठोका पडला आणि आम्ही सवयीने धावत सुटलो. दहा पावलांवर पाळणाघर आलं. जयाला घेऊन बसले. ती पोट भरेपर्यंत प्यायली आणि माझ्याच मांडीवर झोपी गेली. माझा जीव असा भांड्यात पडला की डोळ्यांतून पाणीच आलं. शकुबाईचं पोरही झोपलं. आम्ही दुसऱ्या ठोक्याकडे कान लावून होतो, तो काही पडेना. इतका वेळ हाताशी उरला, त्याचं काय करावं ते कुणालाच कळेना. सगळ्या नुसत्याच एकमेकींकडे बघत बसलो.