शेडआधीची प्रतवारी

मंगळवार, सकाळी दहा. डभोईजवळच्या गावात हजर: शेतकरी गटाचे अकरा सभासद, त्यांचे अध्यक्ष आणि बडोद्याहून सल्ला द्यायला गेलेली मी.

प्रतवारी-पॅकिंगची सामाईक शेड बांधावी का, हा प्रश्न होता. मी म्हटलं, "सगळ्यांचा माल रोज आला आणि एकाच मापाने निवडला गेला, तरच परवडेल. आज आणलेला माल आत्ताच निवडून बघा."

अध्यक्षांनी चुलतभावाच्या क्रेटमधली निम्मी भेंडी जून म्हणून काढली.

"मोटाभाई, घरचाच माल बाद?" चुलतभावाने विचारलं.

"भेंडीला नातं कळत नाही."

सगळे हसले. चुलतभावाने बाजूचा रिकामा क्रेट अध्यक्षांच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. चौघांनी त्याला खाली पाडून लाथा घातल्या. निवडलेल्या भेंडीवर रक्त सांडलं.

"शेड बांधा," अध्यक्ष तोंड पुसत म्हणाले, "पण निवडायला मी बसणार नाही." दुसरं कुणीही तयार झालं नाही.

शेडच्या कामांच्या माझ्या यादीत 'माल कोण निवडणार' यापुढची जागा अजून कोरी आहे.