जाळी जागेवर होती का?

सोमवारी दुपारी चार चाळीसला पुठ्ठ्याचे खोके कापायच्या प्रेसमध्ये पैलवानाचा उजवा हात गेला, आणि तेव्हापासून ताईंच्या डोक्यात घड्याळ सुरू झालं.

पैलवान हे त्याचं कारखान्यातलं नाव. अंगाने काडी, म्हणून पैलवान. ताईंनाही खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. बावीस वर्षं सुरक्षा विभागात होत्या, आणि विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि त्या. मॅनेजरसाहेब त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तेही ताईच म्हणायचे. घरीसुद्धा त्यांचा हात लेखणीशिवाय राहत नसे. डाळीच्या डब्यावर भरल्याची तारीख, औषधाच्या बाटलीवर उघडल्याची. नवरा म्हणायचा, "माझ्यावर अजून चिकटवली नाहीस, एवढं नशीब."

नियम त्यांना पाठ होता. जखमी माणूस अठ्ठेचाळीस तासांनंतरही नेहमीचं काम करू शकत नसेल, तर पुढच्या चोवीस तासांत निरीक्षक कार्यालयाला अहवाल गेला पाहिजे. अठ्ठेचाळीस तास बुधवारी चार चाळीसला संपले. आज गुरुवार होता, म्हणजे मुदत चार चाळीसपर्यंत. अडीच वाजले होते.

"पण काल तो येऊन गेला की," साहेब दारातच उभे राहून म्हणाले. "हजेरीवर सही आहे त्याची. म्हणजे अठ्ठेचाळीस तासांच्या आत कामावर हजर. अहवाल कशाला?"

"साहेब, तुम्ही गाडी पाठवून आणलात त्याला. अर्धा तास खुर्चीत बसला. डाव्या हाताने सही केलीय, बघा, कोंबडीच्या पायासारखी. ते त्याचं नेहमीचं काम नाही."

"तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?"

"मी फॉर्मच्या बाजूची," ताई म्हणाल्या. हा त्यांचा जुना विनोद होता. साहेब हसले नाहीत. "बरं, भरा. पण जरा सांभाळून," असं म्हणून निघून गेले.

त्यांनी संगणकावर अर्ज उघडला. लाल चांदणी असलेले रकाने भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मसुदा जपून ठेवता येतो, पण मसुदा म्हणजे काहीच नाही. पोच क्रमांक आला तरच अहवाल गेला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एकदा मसुद्यालाच अहवाल समजून घर गाठलं होतं आणि दुसऱ्या दिवशी निरीक्षकांचा फोन आला होता. तो आवाज त्यांना अजून आठवे.

इजा कुठे? उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. इजेचं स्वरूप? दोन्ही बोटांच्या टोकाची हाडं मोडली. दवाखान्याचा कागद समोर होताच. त्या दिवशी काम कधी सुरू केलं? ताईंनी हजेरी पाहिली. सकाळी सहा. दोनला पाळी संपायची, पण दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून त्याला थांबवून घेतलं होतं. त्यांनी सकाळी सहा असंच लिहिलं.

जन्मतारखेवर गाडी अडली. कारखान्याच्या नोंदीतली तारीख ओळखपत्राशी जुळेना, अर्ज ती परत परत नाकारू लागला. साडेतीन झाले. त्यांनी पैलवानाच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"तारीख ना, थांबा ताई, कार्ड काढते." डबे वाजले. तारीख मिळाली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक विचारू? साहेबांचा फोन आला होता. यांना म्हणाले, मशीनची जाळी मीच काढली असं सांग, नाहीतर पुढे कामाचं कठीण आहे."

ताईंनी जन्मतारीख अर्जात भरली. या वेळी अर्जाने ती घेतली.

"हे म्हणतात, जाळी शनिवारपासूनच भिंतीला टेकवून ठेवली होती. पुठ्ठा सारखा अडकत होता म्हणून. मी म्हटलं, मग ताईंना विचारू या की. रोज सकाळी त्याच बघतात ना? सोमवारी तुमची सही असेल."

"असेल," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सही होती. कपाटातून सोमवारचा तपासणीचा कागद काढायची गरजच नव्हती, तरी त्यांनी काढला. अकरा मशीन, अकरा खुणा, सगळ्या एका सरळ रेषेत, एकाच दाबाने. चालत जाऊन केलेल्या खुणा अशा नसतात. सोमवारी सकाळी प्रशिक्षणाची यादी द्यायची होती म्हणून त्यांनी टेबलावर बसूनच वरपासून खालपर्यंत टिका मारल्या होत्या. त्या एका सोमवारी नव्हे. सोमवारचं ते ठरलेलंच होतं.

पडद्यावर पुढचा रकाना लाल चांदणीसकट उभा होता. अपघाताच्या वेळी संरक्षक जाळी जागेवर होती का? हो. नाही. तिसरा पर्याय नव्हता. तिसरा पर्याय असता तर त्यांनी तोच निवडला असता, हे ताईंना स्वतःशी कबूल करावं लागलं.

हो लिहिलं, की त्यांची टीक खरी ठरते. मग जाळी असूनही हात आत गेला तो पैलवानाच्या चुकीने. नाही लिहिलं, की सोमवारचा कागद खोटा, आणि कागद त्यांचा. निवृत्तीला सहा वर्षं होती.

चारला साहेब पुन्हा आले. त्यांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "हो करा ना. तुमचाच कागद तसं म्हणतो. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय, ताई."

"कळलं."

"आणि कामाची वेळ दोनपासून करा. सकाळची पाळी वेगळी धरायची."

"माणूस तोच होता ना साहेब."

तेवढ्यात मोबाइल वाजला. नवरा. "अगं, येताना दूध आण. आणि त्या मोरांब्याच्या बरणीवर तू मंगळवार लिहिलंयस. बुधवारी घातलास तू तो."

"खोडून बुधवार लिहा," ताई म्हणाल्या. फोन ठेवून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

चार वीस. साहेब खुर्ची ओढून समोर बसले होते, पायाने फरशीवर ठेका धरून. ताईंनी "नाही" वर टिचकी मारली. लगेच खाली नवा रकाना उघडला, तोही चांदणीचा: कारण लिहा. जाळी शनिवारपासून काढलेली होती, असं त्यांनी लिहिलं. मग थांबल्या. चार सव्वीस. मग पुढे लिहिलं: सोमवार सकाळच्या तपासणी कागदावर या मशीनपुढे "ठीक" अशी खूण माझी आहे. ती मी मशीन न पाहता केली.

"वेड लागलंय का तुम्हाला?" साहेब उठले. "ते कुणी विचारलंय?"

"तपासणी कागद जोडणं सक्तीचं आहे. जोडला की ते विचारणारच. मग आधीच सांगितलेलं बरं."

त्यांनी पाठवा दाबलं. पडद्यावर गोल फिरत राहिला. चार एकतीस. साक्षीदाराचा फोन क्रमांक अपुरा, म्हणून अर्ज परत आला. एक आकडा राहिला होता. ताईंनी तो भरला, पुन्हा दाबलं. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. चार चौतीसला पोच क्रमांक आला. त्यांनी तो वहीत उतरवला, दोनदा पडताळून पाहिला.

पाच वाजता टेबलावरचा फोन वाजला. दोन वर्षांपूर्वीचाच आवाज. "अहवाल वाचला. उद्या दहाला येतोय. मशीनला कुणी हात लावायचा नाही. आणि हे शेवटचं वाक्य तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"मागच्या सगळ्या सोमवारांचे कागद काढून ठेवा," आवाज म्हणाला. फोन बंद झाला.

ताईंनी कपाटातून लाल पट्टीचं रीळ काढलं आणि त्या प्रेसकडे निघाल्या. जाळी अजून भिंतीला टेकलेली होती, वर पुठ्ठ्याची धूळ. त्यांनी तिला हात लावला नाही. प्रेसभोवती पट्टी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि मग उरलेल्या दहा मशीनपुढून, प्रत्येकीच्या जाळीवर हात ठेवत, सावकाश परत आल्या. सहाव्या मशीनची जाळी सैल होती.