शंभर माणसांची सभा, एकट्याने भरवलेली

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका कोरड्या गावात मी ग्रामसेवक होतो, आणि माझ्यासारखा कागद रंगवणारा गोदावरीच्या दोन्ही काठांना सापडला नसता.

वर्षातून दोनदा ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक. घेतली नाही तर सरपंचाचं पद धोक्यात. पण आमचे सरपंच म्हणाले, "भाऊसाहेब, सभा बोलावली की खालच्या वस्तीतली ती म्हातारी उठून विहीर मागंल. मी तर वरच्या आळीला शब्द देऊन बसलोय. तुमीच काय ते बघा."

मी बघितलं. दवंडी नाही, माणूस नाही, आणि मी प्रोसिडिंग बुकात शंभर माणसं बसवली. मुक्यांना बोलतं केलं, भांडखोरांना एकमेकांच्या गळ्यात घातलं. विहीर वरच्या आळीला व्हावी, असा ठराव लिहिला आणि ऐट म्हणून अनुमोदक केलं म्हातारीलाच! सह्या केल्या, अंगठे उमटवले. हाताची बोटं संपली तेव्हा पायाचीही लावली, असं मी पुढं मित्रांना सांगत असे. तिचा अंगठा मात्र माझ्या डाव्या हाताचा.

महिन्याभरात पंचायत समितीचे विस्तार अधिकारी दप्तर तपासायला आले. ठराव वाचून हसले. "सभा आहे की तमाशा? बोलवा या बाईंना."

म्हातारी आली. तिचा मुलगा पलटणीत; त्याला तिची पत्रं मीच लिहीत असे. साहेबांनी विचारलं, "आजी, सभेला होता? विहीर वरच्या आळीला करा म्हणालात? हा अंगठा तुमचा?"

"न्हाई" एवढंच म्हणायचं होतं तिनं. साहेबांचा अहवाल गटविकास अधिकाऱ्यांकडे गेला असता, माझ्यावर चौकशी बसली असती, सभा खरीखुरी घ्यावी लागली असती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली टाकाच्या टोकाकडं बघत राहिलो.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "माझाच हाय."

साहेबांनी भेटीच्या वहीत शेरा मारला : 'ग्रामसभा नियमाप्रमाणे.' सरपंचांनी चहा मागवला.

मी तिच्यामागं वेशीपर्यंत गेलो. "आजी, खोटं का बोललात?"

"तुमी गेल्यावर माझं पत्र कोन लिवनार? नवा मानूसबी सरपंचाचाच असनार. पानी काय, लांबनं आनीन." हंडा घेऊन ती वळली. मैलभर खालच्या ओढ्यावरून आणायची ती पाणी.

विहीर वरच्या आळीला झाली. पुढच्या पत्रात तिनं सांगितलं, "लिवा, गावात नवी विहीर झाली. मी बरी हाय."

तेवढंच लिहिलं. पदरचा एक शब्दही घालायचं धाडस झालं नाही. खाली तिनं अंगठा उमटवला. मी तिच्या नावावर उमटवलेल्या अंगठ्यापेक्षा तो कितीतरी लहान होता.