वडाचा घेर आणि पप्पांची उंची

ह्यांचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण एका फोटोत ह्यांचं तोंडच दिसत नाही. सगळा फोटो वडानेच भरलेला. त्यात खोडाला पाठ लावून, हातात माझं पूजेचं ताट धरून उभे हे, बोटाच्या पेराएवढे. फोटो आमच्या मुलीने काढलेला. तेव्हा ती तिसरीत होती. वटपौर्णिमा होती, हे कोयलीच्या रिफायनरीतून रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल, तरी ताट धरायला आले. ती आमच्या सोसायटीच्या फाटकात माझा मोबाइल घेऊन उभी राहिली आणि रस्त्यापलीकडच्या वडाखालचे पप्पा टिपले. मी फेरी घालत खोडामागे गेले होते म्हणून मी त्यात नाही. फोटो बघून हे म्हणाले, "अगं बये, मला काढ म्हटलं तर झाडालाच काढून आलीस!"

त्याच पावसाळ्यात वावाझोडं आलं. आम्ही बडोद्याची माणसं वादळाला वावाझोडंच म्हणतो. वड मुळासकट आडवा झाला, बाजव्याचा रस्ता सकाळपर्यंत बंद. करवतीने तुकडे करून नेले आणि तिथे आता नुसतं ऊन असतं. पुढच्या थंडीत हे गेले. पाळीहून आले, चहा टाक म्हणाले आणि चहा उकळेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत. तेराव्यानंतर शेजारची एक बाई मला म्हणाली, "वड पडला तेव्हाच समजायला हवं होतं गं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "सात जन्म हाच नवरा दे म्हणून उपाशी राहून फेऱ्या घातल्या मी. त्याला एक जन्मसुद्धा धड देता आला नाही. त्या वडाचं मला सांगू नका." तेव्हापासून मी वडाला हात जोडलेले नाहीत.

आणि बघा, नववीत गेल्यावर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या बाईसाहेबांनी, म्हणजे लेकीने, विषय कोणता घ्यावा? वड. तोच वड.

टीचरने सांगितलं होतं, टेप लावून मोजता येणार नाही असं काहीतरी शोधा. ही म्हणाली, "टीचर, आमच्याकडे एक झाड आहे, जे नाहीच." मग ही आणि तिच्या दोन मैत्रिणी त्या फोटोच्या मागे लागल्या. फोटोचं मोठं प्रिंट काढून आणलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर पट्ट्या, पेन्सिली, चहाचे कप. एक फोटो, बाकी काही नाही, आणि त्यावरून झाडाच्या पसाऱ्याचं क्षेत्रफळ काढायचं. मी म्हटलं, "हे कसलं गं शास्त्र, हे तर हवेत गाठी मारणं झालं."

"मम्मी, तू ऐक तरी," म्हणाली आणि प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मला भाषण म्हणून दाखवायला ओट्यापाशी उभी राहिली. भाषण गुजरातीत, पण मला समजावून सांगताना मराठीत. मी पोळ्या लाटत होते.

"प्रिंटवर माणूस दोन सेंटिमीटर आहे," ती म्हणाली. "वडाचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस सेंटिमीटर. म्हणजे पसारा माणसाच्या पंधरापट रुंद. माणूस खोडालाच टेकून उभा आहे, म्हणून हे चालतं. तो कॅमेऱ्याच्या जवळ असता तर मोठा दिसला असता आणि झाड उगीच लहान निघालं असतं. आता माणसाची खरी उंची गुणिले पंधरा, की झाडाची खरी रुंदी मिळाली."

"बरं. पुढे?"

"वरून बघितलं तर पसारा साधारण गोल आहे असं मानायचं. रुंदीच्या निम्मी त्रिज्या. त्रिज्येचा वर्ग गुणिले तीन पूर्णांक चौदा. माणसाची उंची एक मीटर ऐंशी, म्हणून रुंदी सत्तावीस मीटर आणि क्षेत्रफळ पाचशे बहात्तर चौरस मीटर."

मी लाटणं थांबवलं. "कोणाची उंची एक मीटर ऐंशी?"

"पप्पांची. सहा फूट ना, म्हणजे जवळपास तेवढीच."

मला हसूच फुटलं. खरंच सांगते, मनात काही नव्हतं. "सहा फूट? तुझे पप्पा? पाच फूट पाच इंच गं बाई! त्यांच्या प्रत्येक पँटची बॉटम मी दोन-दोन इंच आत घेतली आहे."

तिचा चेहरा बघितला आणि मी हसायची थांबले. हे तिला खांद्यावर बसवून सोसायटीभर फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ, सहा फुटी बाप आहे तुझा." तिसरी-चौथीतल्या पोरीला वर मान करून बघितल्यावर बाप सहा फूटच दिसणार. मग बाप गेला, पोर वाढत राहिली, आणि ते सहा फूट तिच्याजवळ तसेच राहिले. तिने ते कधी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारायची गरज काय?

"तुला काय माहीत," ती म्हणाली.

"मला नाही माहीत, तर कुणाला माहीत?"

"टीचर विचारतील कशावरून, तर काय सांगू? माझी मम्मी म्हणते?"

मी पिठाचे हात पुसले. म्हटलं, "ये इकडे. भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहा माझ्यासमोर." उभी राहिली. हल्ली ती एवढी उंच झाली आहे हे मला माहीत होतं, पण इतक्या जवळून बघितलं नव्हतं. म्हटलं, "ते समोर उभे राहिले की त्यांची हनुवटी माझ्या नाकाशी यायची. बरोबर नाकाशी. तू जराशी खाली हो. अगं, एवढी नको. बस, एवढीच."

खरं तर मी नाकावरून ओळखत नव्हते. हे पाळीला निघताना दारात माझ्या कपाळावर ओठ टेकवायचे. ना ह्यांना वाकावं लागायचं, ना मला टाचा उचलाव्या लागायच्या. रोजचं होतं ते, आणि पोर झोपलेली असतानाचं. कपाळावरची ती जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल. पण हे मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून नाक.

तिने स्वतःच डोक्याच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि पट्टी लावली. एक मीटर पासष्ट. मग तिथेच पाठ सरळ करून पुन्हा उभी राहिली आणि दुसरी खूण केली. एक मीटर सहासष्ट. दोन्ही खुणांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पप्पांपेक्षा उंच आहे?" ही कधी त्यांच्या पुढे गेली ते आम्हा दोघींपैकी कुणालाच कळलं नव्हतं.

तिने कॅल्क्युलेटर काढला. पासष्टने हिशेब केला तर रुंदी पावणेपंचवीस मीटरच्या आसपास आणि क्षेत्रफळ चारशे एक्क्याऐंशी. "एक्क्याण्णव चौरस मीटर गेले," ती म्हणाली. आमचं अख्खं घर त्यात मावलं असतं, बाल्कनीसकट.

"चार्ट तर झालाय," थोड्या वेळाने म्हणाली. "झाड नाही, पप्पा नाहीत. कुणाला कळणार आहे?"

माझ्या जिभेवर आलं होतं, राहू दे बाळा, सहा फूटच राहू दे. पण म्हटलं, "तुझं तू ठरव." त्या रात्री ती जेवली नाही आणि पोळ्या सगळ्या सकाळी डब्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये गेले तेव्हा माझी नजर आधी चार्टवर. निळ्या स्केचपेनने एक मीटर ऐंशी, तसंच. शेजारी पाचशे बहात्तर, लाल चौकटीत. म्हटलं चला, ठीक आहे. खोटं बोलून कुणाचं काही बिघडत नव्हतं.

परीक्षक म्हणून एक कॉलेजचे सर आले होते. ही बोलायला लागली. प्रिंट, दोन सेंटिमीटर, तीस सेंटिमीटर, पंधरापट. आवाज खणखणीत. मैत्रीण फोटोवर काठी फिरवत होती. मग हिने टेबलावरचा जाड मार्कर उचलला आणि सगळ्यांसमोर एक मीटर ऐंशीवर काट मारली.

"ही आमची चूक होती," ती म्हणाली. "फोटोतल्या माणसाची उंची आम्ही न मोजता धरली. आम्हाला वाटायचं ती तेवढी आहे. खरी उंची एक मीटर पासष्ट. उंचीत चूक झाली की रुंदीत तेवढ्याच पटीने होते, पण क्षेत्रफळात रुंदीचा वर्ग येतो, म्हणून तिथे ती जवळजवळ दुप्पट होते. उंची आम्ही शंभराला नऊ जास्त धरली, तर झाड शंभराला एकोणीस मोठं झालं. खरं उत्तर सुमारे चारशे एक्क्याऐंशी. 'सुमारे' म्हणायचं, कारण पसारा पूर्ण गोल नसतो, आणि फोटो फार लांबून काढलेला नाही म्हणून घेर थोडा जास्तच दिसतो."

सरांनी चष्मा वर केला. "पासष्ट तरी कशावरून? ह्या भाईंना बोलावून मोजायचं ना."

दोन्ही मैत्रिणी खाली बघायला लागल्या.

"ते माझे पप्पा आहेत," ही म्हणाली. "ते वारले. झाड पण पडलं. म्हणून मम्मीच्या नाकावरून मोजलं. पप्पांची हनुवटी मम्मीच्या नाकाशी यायची. मम्मी ती मागे उभी आहे."

मागची मुलं हसली. सगळे माझ्याकडे वळले, आणि मी मेली भर हॉलमध्ये नाकावर पदर धरून उभी. सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे."

"हो सर," ती म्हणाली. "पण पंधरा नाही."

बक्षीस पाणी गाळण्याच्या यंत्राला मिळालं. आम्ही चार्ट गुंडाळला आणि रिक्षाची वाट बघत फाटकाशी उभ्या राहिलो. म्हणाली, "मम्मी, पप्पांना लहान केलं ना मी? सगळ्यांच्या देखत." आणि मग जी रडली, भाषणात एकदाही न अडखळलेली पोर, तिला आवरता आवरेना.

मी म्हटलं, "पप्पा होते तेवढेच होते गं. तेवढ्यांनाच मी सात जन्म मागत होते." आणि माझंही धरण फुटलं. लोक बघत होते. बघू देत.

मग तिने डोळे पुसले, मला जवळ ओढलं आणि माझ्या कपाळावर ओठ टेकवले. वाकली नाही, टाचा उचलल्या नाहीत. बरोबर त्याच जागी.

मी तिला फक्त नाकाचं सांगितलं होतं.