सरांनी न म्हटलेलं वाक्य

आमच्याकडं कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आधी येते. पाहुणे अजून घरून निघालेले नसतात आणि त्यांनी समयोचित मार्गदर्शन करून झालेलं असतं. ते भावुक झालेले असतात, टाळ्यांचा कडकडाटही होऊन गेलेला असतो. संस्थेचा प्रसिद्धी सांभाळणारा माणूस अशी प्रेसनोट सगळ्या पेपरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत पाहुणे एकच वाक्य बोलतात, तेही अवतरणचिन्हांत. कोल्हापुरात इतकी वर्षं वार्ताहर म्हणून काढली, पण या प्रकाराचा माझा संताप काही कमी झालेला नाही. माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडात घालायचं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं आहे.

मी भाषणाला जाऊन बसते. फोनवर रेकॉर्डिंग लावते आणि शिवाय कागदावर टिपते. लिहिताना स्वतःला आधी एकच प्रश्न विचारते, या माणसाला नेमकं काय सांगायचं होतं? मग तो ते कसं बोलला हे बघते, चिडून, गमतीत की हात जोडून. सूर चुकला की शब्द बरोबर असूनही बातमी खोटी होते. आणि अवतरणात फक्त तेच, जे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. ऑफिसातली पोरं यावरून मला चिडवतात. चिडवू देत.

शहराबाहेर एक सहकारी सूतगिरणी आहे. तिच्या वर्धापनदिनाला मी गेले होते. त्या दिवशी बोलणार होते ते गिरणीच्याच शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. गिरणीची अख्खी कॉलनी त्यांना सर नाहीतर मास्तर म्हणते. गिरणीचे चेअरमन त्यांचे विद्यार्थी आणि रोजंदारीवर राबणारे निम्मे कामगारही त्यांचेच विद्यार्थी. म्हणूनच कामगारांनी त्यांना गळ घातली होती. वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवलेल्यांना कायम करा, एवढं चेअरमनना सर्वांसमोर सांगायचं. सरांचा शब्द चेअरमन मोडणार नाहीत असा त्यांचा हिशेब होता. सरांनी हो म्हटलं होतं.

मांडवाच्या दाराशीच एका कामगारानं मला गाठलं. तिशीतला, अंगावर इस्त्रीचा शर्ट.

"बाई, आज नीट लिवा हं. मास्तर आज सोडत न्हाईत बगा त्येला."

"तुम्ही ऐकायला बसणार ना?"

"कुठलं ओ. आमची ड्युटी मागं जेवणावळीत हाय. वाढपी केल्यात आमास्नी."

सगळ्या रोजंदारीवाल्यांना मांडवामागं भांड्यांच्या खणखणाटात उभं केलं होतं. ज्यांच्यासाठी भाषण व्हायचं होतं त्यांच्यातला एकही जण ते ऐकणार नव्हता. ते मुद्दाम केलं होतं की नाही, देव जाणे.

सर बोलायला उठले आणि चेअरमननी भर व्यासपीठावर वाकून त्यांच्या पायांना हात लावला. फोटो झाले. मी पहिल्या रांगेत होते. सरांचा चेहरा तिथंच विरघळला. मग ते बोलले, चांगले घोळवून बोलले. चेअरमनचे वडील कसे सायकलवरून भागभांडवल गोळा करत फिरले, चेअरमन लहानपणी वर्गात कसे डुलक्या काढायचे, गिरणीचा भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा म्हाताऱ्या बायका कशा दचकल्या. लोक हसत होते. भाषण संपत आलं तरी कामगारांचं नाव नाही. अगदी शेवटी, खाली बसता बसता, त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, रोजंदारीवरच्या मुलांचाही आपण सवडीनं, सहानुभूतीनं विचार करावा अशी माझी प्रेमाची विनंती आहे, बाकी आपण जाणते आहात. चेअरमननी मान डोलावली. झालं.

मी ऑफिसात येऊन तसंच लिहिलं. पण माझी बातमी पानावर पोचायच्या आधीच प्रेसनोट लागून गेली होती, कारण त्याच पानावर गिरणीची जाहिरात होती. सकाळी सर आमच्या पेपरात, ठळक अक्षरांत, अवतरणचिन्हांत सांगत होते की या गिरणीनं कामगारांना पोटच्या लेकरांसारखं सांभाळलं. हे वाक्य त्यांनी उच्चारलंच नव्हतं. मी डेस्कवर जाऊन असा आवाज चढवला की खालच्या चहावाल्यानं वर येऊन चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले. सोबत तो इस्त्रीच्या शर्टातला कामगार आणि आणखी एक जण. कोणीतरी पेपरचं ते कात्रण सरांच्या दाराला चिकटवलं होतं. कॉलनीत लोक त्यांना पाहून तोंड फिरवत होते, आणि ज्या पोरांना त्यांनी बाराखडी शिकवली होती ती त्यांच्या खिडकीखाली उभं राहून "लेकरं आली, लेकरं आली" असं ओरडत होती.

"या बाई पहिल्या रांगेत होत्या," सर कामगारांना म्हणाले. "यांनी ऐकलंय. मी ठणकावून सांगितलं, रोजंदारीवाल्यांना कायम करा, नाहीतर कामगार रस्त्यावर उतरतील. सांगा ताई, सांगितलं की नाही?"

दोघं कामगार माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी म्हणाले, "छापलेलं वाक्य सर बोलले नाहीत, एवढं खरं आहे. चूक आमची आहे. आम्ही दुरुस्ती छापू आणि भाषणाचा नीट वृत्तांतही देऊ."

कामगारांचे चेहरे खुलले. "मग आमचं म्हननं तेच की!" असं म्हणत ते चहाला खाली गेले. सर माझ्यासमोर बसले.

मी रेकॉर्डिंग काढलं. त्यांनी ऐकायला नकार दिला. "मला काय ऐकवता? बोललोय मी."

"सर, ठणकावून वगैरे काही नाही त्यात."

"असेल. पुढं कुठंतरी असेल."

मी शेवटचा भाग लावला. त्यांचाच आवाज, मऊ, लोण्यासारखा. सवडीनं. सहानुभूतीनं. प्रेमाची विनंती. आपण जाणते आहात. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत आपण ते वाक्य बोललो अशी त्यांची मनापासून खात्री होती. घरी रोज पाठ केलेलं वाक्य व्यासपीठावर बोललो की नाही, हे माणसाला नंतर आठवत नसावं.

मग ते म्हणाले, "माझ्या मनात तेच होतं. भावार्थ तोच. तुम्ही अवतरणात घाला, मी सही करून देतो. बोलणारा मीच आहे ना?"

"आज बोला, आजच्या तारखेनं छापते. परवा बोललात असं नाही छापता येणार."

"आज बोललो तर गिरणीचं क्वार्टर सोडावं लागेल, ताई."

म्हणजे मुद्दा तिथं होता. मग त्यांनी घासाघीस सुरू केली. विनंती काढा, मागणी लिहा. मी म्हणाले, मागणीचा सूर नव्हता. बरं, निदान तो सवडीनं तेवढा गाळा, एवढ्याशा शब्दानं काय होतंय? मी विचार केला, खरंच केला. सारांशात शंभर शब्द गाळावे लागतात. डुलक्या गाळल्या, सायकल गाळली तर काही बिघडत नाही. पण तो एक शब्द गाळला की विनंतीची मागणी होते, आणि भाषणाचा सगळा कल त्या शब्दातच होता. शिवाय भाषणाचा मोठा भाग कौतुकाचा होता, तर बातमीचा मोठा भागही कौतुकाचाच असायला हवा. शेवटच्या विनंतीचा मथळा केला असता तर तेही खोटंच झालं असतं.

"तुम्हाला काही कळत नाही का," सर ओरडले, "मला त्या लोकांत राहायचंय!"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त आला. प्रेसनोटवाल्यानं जे केलं तेच ते माझ्याकडून करून घेऊ बघत होते, फक्त उलट्या बाजूनं.

वृत्तांत छापून आला. आधी दुरुस्ती, की अवतरणात दिलेलं विधान वक्त्यांनी केलेलं नव्हतं. खाली भाषण. संस्थापकांच्या आठवणी, चेअरमनचं हलक्याफुलक्या शब्दांत कौतुक, आणि अखेरीस रोजंदारी कामगारांचा सवडीनं, सहानुभूतीनं विचार करावा अशी विनंती. सूर शेवटपर्यंत आपुलकीचा होता, असं मी लिहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी चेअरमनचा फोन आला. "बाई, झकास! जसंच्या तसं लिवलासा की." त्यांनी ते कात्रण मोठं करून गेटवरच्या नोटीस बोर्डावर लावलं होतं. खोट्या बातमीचा दोष सरांना निदान पेपरवर तरी ढकलता येत होता. माझ्या बातमीनं तीही सोय राहिली नाही.

मग त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याचा फोन आला. "बाई, ह्ये खरं हाय?"

"होय."

"सवडीनं म्हनलं त्ये?"

"होय."

पलीकडं यंत्रांची घरघर चालू होती. त्यानं फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात रोजंदारीवाल्यांनी गेटवर सभा घेतली आणि मी ती ऐकायला गेले. सर आले होते. कोणी त्यांना खुर्ची दिली नाही. तीन-चार जण बोलून झाल्यावर ते पुढं सरकले आणि माईककडं हात केला. त्यांच्या दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद होता, म्हणजे या वेळी ते लिहून आले होते. इस्त्रीच्या शर्टवाल्यानं माईक हातातच धरून ठेवला आणि अतिशय अदबीनं म्हणाला, "मास्तर, नको. तुमी घरला जावा." मागून कोणीतरी "लेकरं आली" म्हणून ओरडलं आणि सगळे हसले. सर तिथंच उभे राहिले. मग गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले.

"मी आज तेच बोलणार होतो," ते म्हणाले. "कायम करा नाहीतर रस्त्यावर उतरू. हा बघा कागद. क्वार्टर गेलं तर जाऊ दे. लिहाल ना एवढं?"

कागदावर ते वाक्य खरंच होतं, सुंदर गोल अक्षरात, खाली रेघ ओढलेलं.

"सर, भाषण झालं नाही," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी केली आणि चालत गेले. मी सभेचा वृत्तांत लिहिला. जे बोलले त्यांचं म्हणणं आणि त्यांचा सूर नीट उतरवला, दोन वाक्यं रेकॉर्डिंगवरून अवतरणात दिली. सरांचा त्यात उल्लेख नव्हता.