अम्मीचा फोन आलेला स्क्रीनशॉट

मस्कतला एसी दुरुस्त करणारा वली जन्माचा तापट. आजारी अम्मीला बघायला निघाला, पण विमान रात्रभर रखडलं; त्याच रात्री अम्मी गेली आणि तो जुन्नरला पोचेस्तोवर तिचं दफन उरकलं होतं. आता रिजवानच्या ऑनलाइन सेवा केंद्रात बसून तो विमान कंपनीला भरपाईचा मेल लिहून घेत होता.

“बोर्डिंग पास जोडला, वलीभाई. उशीर दाखवणारा स्क्रीनशॉट द्या.”

वलीनं मोबाइल पुढं केला. ‘डिलेड’च्या वरच पट्टी होती: अम्मीचा फोन येतोय. त्या रात्री विमानतळाच्या काउंटरवर भांडता भांडता त्यानं तो चिडून कट केला होता.

“ही पट्टी काढून टाकू?”

“हात लावायचा नाय तिला!”

वलीचं स्वतःचं बोट मात्र पट्टीतल्या हिरव्या बटणावर गेलं. त्यानं ते दाबलं. परत दाबलं. मग मोबाइल कानाला लावला.